कवितेचे शेवटचे कडवे

विद्यार्थ्यांच्या कविता तपासताना शेवटचे कडवे वेगळे काढून पाहावे. समजा, सातवीतील एका मुलाने चार कडवी लिहिली आहेत. पहिल्यात विहिरीचा दोर दोन हात वाढवावा लागतो. दुसऱ्यात बैल कोरडी डोण चाटतो. तिसऱ्यात आई तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालते. चौथ्यात दुष्काळ वाईट असतो, म्हणून पाणी जपावे, असे तो सांगतो.

शिक्षकांनी चौथे कडवे झाकून उरलेली तीन वर्गात वाचावीत व ‘गावात काय झाले आहे?’ एवढेच विचारावे. ‘पाणी आटले’ असे उत्तर आले, तर चौथे कडवे अनावश्यक समजावे. ते राहिल्यास तुळशीपाशी थांबलेले मन उपदेशाकडे वळते व आईचा हात विसरला जातो. उत्तर आले नाही, तर दोष आधीच्या चित्रांत आहे. तेव्हा खुलासा न जोडता दोराचे वा डोणीचे वर्णनच अधिक नेमके करून घ्यावे.

मात्र शेवटी वडील बैलाचे रिकामे दावे खुंटीला टांगत असतील, तर तो खुलासा नव्हे. ती नवी घटना आहे. असे कडवे ठेवावे. खोडण्याचे काम मुलाकडूनच करवावे.