चित्रओळ : कलाकृती, तिची प्रतिमा आणि श्रेयनिर्देश

प्रस्तावना

मागील घटकात आपण ग्रंथ आणि लेख यांचे संदर्भ कसे द्यावेत हे पाहिले. कलेतिहासाच्या निबंधात याशिवाय चित्रांचा संदर्भ द्यावा लागतो. चित्राखाली जी एक-दोन ओळींची नोंद असते तिला या घटकात आपण ‘चित्रओळ’ म्हणू. ही नोंद लहान असली तरी तपासणीत सर्वाधिक चुका मला तेथेच आढळतात, आणि त्यांतील बहुतेक चुका एकाच ठिकाणी उगम पावतात : आपण जे पानावर चिकटवले आहे ते नेमके काय आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारलेला नसतो.

यात भाषेचाही थोडा दोष आहे. आपल्या घरांत राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची छापील प्रत भिंतीवर असते आणि आपण तिला ‘लक्ष्मीचा फोटो’ म्हणतो. ती फोटो नाही. रविवर्म्याने स्वतः रंगवलेले तैलचित्रही नाही. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेलेल्या छापखान्यातून अशा ओलिओग्राफ प्रती निघू लागल्या. छापखाना दुसऱ्याच्या मालकीचा झाल्यावरही त्या निघत राहिल्या. अशा प्रतीखाली ‘माध्यम : कॅनव्हासवर तैलरंग’ असे लिहिणे चूक आहे. ‘कागदावर ओलिओग्राफ, मूळ चित्र राजा रविवर्मा यांचे’ असे लिहावे लागेल.

एका चित्रामागची तीन वर्षे

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, तुमचा निबंध अजिंठ्याच्या गुंफा क्र. १ मधील भित्तिचित्रांवर आहे. ग्रंथालयातील एका जुन्या ग्रंथात तुम्हाला एक सुंदर रंगीत चित्र मिळाले आणि तुम्ही त्याखाली लिहिले : ‘अजिंठा, गुंफा क्र. १, इ.स. ५ वे शतक.’ ग्रंथ जॉन ग्रिफिथ्स यांचा असेल तर ही ओळ अपुरी आहे, आणि वाचकाची दिशाभूल करणारीही आहे.

ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या सर ज. जी. कलाशाळेत, अध्यापक होते. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. या प्रती कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या होत्या. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

म्हणजे तुमच्या पानावरील चित्रामागे तीन वस्तू उभ्या आहेत. भिंतीवरील मूळ चित्र पाचव्या शतकाचे, त्याची तैलरंगातील प्रत १८७२-८५ ची आणि त्या प्रतीवरून झालेली छपाई १८९६-९७ ची. निबंधात तुम्ही रंगांच्या उजळपणाविषयी किंवा रेषेच्या जाडीविषयी काही म्हटले, तर ते विधान ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्याच्या कुंचल्याविषयी असेल की वाकाटककालीन चित्रकाराच्या, हे वाचकाला केवळ चित्रओळीवरून समजते. म्हणून ती पुढीलप्रमाणे असावी :

*चित्र १. अजिंठा, गुंफा क्र. १ मधील भित्तिचित्राची प्रत. जॉन ग्रिफिथ्स व मुंबई कलाशाळेचे विद्यार्थी, १८७२-८५ दरम्यान. कॅनव्हासवर तैलरंग. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, लंडन. मूळ भित्तिचित्र : इ.स. ५ व्या शतकाचा उत्तरार्ध. प्रतिमा : ग्रिफिथ्स, १८९६-९७, (खंड व फलक क्रमांक).*

संग्रहालयाचे नाव मात्र ती प्रत तेथे आहे याची खात्री झाल्यावरच घालावे. जळालेल्या प्रतीचा ठावठिकाणा म्हणून संग्रहालय दाखवणारे निबंध मी पाहिले आहेत. प्रत उरलेली नसेल तर ‘प्रत नष्ट’ असे स्पष्ट लिहावे. अशा वेळी छापील फलक हाच तुमचा पुरावा असतो.

चित्रातील प्रसंगाविषयीच लिहायचे असेल आणि प्रतीशी काही कर्तव्य नसेल, तर भिंतीचे अलीकडील छायाचित्र वापरणे अधिक सरळ. तुलनेसाठी गुलाम यझदानी यांच्या १९३० ते १९५५ या काळात निघालेल्या खंडांतील छायाचित्रे उपयोगी पडतात. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख होते.

माध्यम आणि काळ

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंगकाम करणे. अजिंठ्यात खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन, वर चुन्याचा पातळ थर लावून, तो सुकल्यावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. म्हणून माध्यम ‘मातीच्या गिलाव्यावर टेम्परा’ असे लिहावे. मात्र लेडी हेरिंगहॅम यांच्या १९१५ च्या ग्रंथाचे नाव ‘अजंठा फ्रेस्कोज’ आहे, ते दुरुस्त करू नये. ग्रंथाचे नाव जसे छापले तसेच द्यायचे. माध्यम मात्र तुमच्या जबाबदारीवर लिहायचे.

काळाच्या बाबतीत सर्वांत फसवा शब्द ‘हेमाडपंती’. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. परंतु त्याच्या जन्मापूर्वी बांधलेल्या देवळांनाही आपण हेच विशेषण लावतो. ते बांधणीचे लोकप्रचलित नाव आहे, कालनिर्देश नव्हे. शिलालेखात वर्ष असेल तर ते वर्ष द्यावे. शैलीवरून काळ ठरवला असेल तर ‘सुमारे’ हा शब्द घालावा आणि तो कोणाच्या मते, हे निबंधाच्या मजकुरात सांगावे. अजिंठ्याच्या गुंफा क्र. १ बाबतही हेच. वॉल्टर स्पिंक तिला वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ठेवतात, तर आधीच्या काही अभ्यासकांनी तिला अधिक उत्तरकालीन मानले होते. चित्रओळीत एक काळ आणि मजकुरात दुसरा, असे होता कामा नये.

स्वतः काढलेले छायाचित्र : धारासूर

आपल्यापैकी अनेकांना दूरच्या संग्रहालयापेक्षा गंगाखेड तालुक्यातील धारासूरला जाणे सोयीचे आहे. गोदावरीकाठच्या गुप्तेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. येथे शिल्पाशेजारी संग्रहालयातल्यासारखी पाटी नसते, त्यामुळे सर्व नोंद तुम्हालाच करावी लागते.

प्रथम स्थान. ‘परभणीजवळील मंदिर’ असे न लिहिता गाव, तालुका, जिल्हा आणि भिंतीची दिशा लिहा. त्यासाठी होकायंत्र पुरते. पुढच्या वाचकाला तेच शिल्प पुन्हा सापडले पाहिजे. शिल्पाची ओळख पटत नसेल तर अंदाजाने नाव देऊ नका, ‘सुरसुंदरी’ एवढेच पुरे. माध्यम लिहिताना दगडाचा केवळ रंग पाहून ‘ग्रॅनाइट’ लिहिणे टाळा. मराठवाड्याचा काळा पाषाण बहुधा बेसाल्ट असतो, आणि खात्री नसेल तेव्हा ‘काळा पाषाण’ हे प्रामाणिक उत्तर आहे. मूर्तीवर शेंदूर किंवा तैलरंग चढवलेला असेल तर तोही नोंदवा. याच कारणाने छायाचित्राची तारीखही आवश्यक ठरते : आज दिसणारा शेंदूर उद्या जीर्णोद्धारात निघू शकतो, किंवा नवा रंग चढू शकतो.

मापे सेंटिमीटरमध्ये, उंची प्रथम, मग रुंदी, त्यानंतर खोली. हात पोहोचत नसेल तर माप लिहू नका. भिंतीवर चढून तर मुळीच मोजू नका. ‘माप घेता आले नाही’ ही नोंद कमीपणाची नाही. मोजताना चौकटीसह मोजले की केवळ आकृती, तेही लिहावे. एकूण नोंद अशी होईल :

*चित्र २. सुरसुंदरी, बाह्य भिंत (दक्षिण), गुप्तेश्वर मंदिर, धारासूर, ता. गंगाखेड, जि. परभणी. काळा पाषाण. माप घेता आले नाही. छायाचित्र : (विद्यार्थ्याचे नाव, तारीख).*

काळ येथे मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तो कोणत्या अभ्यासकाच्या आधारे भरणार, हे तुम्ही ठरवायचे आहे.

माप तपासण्याची एक युक्ती

संग्रहालयाच्या नोंदीतून माप उतरवताना उंची-रुंदीची अदलाबदल फार वेळा होते. इंग्रजी जुन्या सूचीत माप इंचात असते. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी. समजा, सूचीत ३० × २२ इंच आहे. म्हणजे सुमारे ७६ × ५६ सेंमी. आता ७६ ला ५६ ने भागा : १.३६ येते. तुमच्या पानावरील प्रतिमा पट्टीने मोजा आणि तिचीही उंची रुंदीने भागा. भागाकार साधारण तोच आला तर सारे ठीक. प्रतिमा १२ सेंमी उंच आणि ११ सेंमी रुंद असेल तर भागाकार १.०९ येतो; म्हणजे कोणीतरी चित्र वरून किंवा खालून कापले आहे. अशा वेळी चित्रओळीत ‘अंश’ हा शब्द घालावा. भागाकार एकापेक्षा लहान आला आणि चित्र उभे असूनही माप आडवे दिसले, तर अदलाबदल झाली असे समजा.

श्रेय आणि हक्क

‘स्रोत : गूगल’ असे लिहिलेल्या चित्रओळीला मी गुण देत नाही. शोधयंत्र हा पत्ता सांगणारा वाटाड्या आहे. घराचा मालक दुसराच असतो. प्रतिमेवर टिचकी मारून ती मूळ कोणत्या संग्रहालयाच्या, ग्रंथाच्या किंवा छायाचित्रकाराच्या पानावर आहे हे शोधावे लागते. विकिमीडिया कॉमन्सवरील प्रतिमेच्या पानावर छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचे नाव, उदाहरणार्थ CC BY-SA 4.0, दिलेले असते. ती दोन्ही लिहावीत, आणि प्रतिमा कापली असल्यास तसे नमूद करावे.

भारतातील १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये आणि ग्रिफिथ्स १९१८ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे मुक्त आहेत. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन २०११ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. परीक्षेच्या निबंधात शिक्षणाच्या ओघात चित्र वापरण्यास कायदा मुभा देतो, पण तोच निबंध तुम्ही पुढे मासिकाला पाठवला तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. आणि चित्र मुक्त असले तरी त्याचा अलीकडील छायाचित्रकार स्वतंत्र हक्कदार असू शकतो. श्रेय मात्र सर्वांनाच द्यायचे, हक्क संपला असो वा नसो.

स्वयंअध्ययन

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या देवघरातील एखादी छापील देवप्रतिमा घ्या. तिच्या खालच्या कडेवर छापखान्याचे नाव, वर्ष किंवा चित्रकाराची सही आहे का ते भिंगातून पाहा. तिची उंची व रुंदी मोजा. त्यानंतर तिची पूर्ण चित्रओळ लिहा आणि ज्या गोष्टी कळल्या नाहीत त्यांच्यापुढे ‘अज्ञात’ असे लिहा.