आरोग्य आणि आहार : कढईतला धूर काय सांगतो?

दवाखान्यात तपासणी संपली, औषधांची चिठ्ठी हातात पडली, की बरेच रुग्ण उठता उठता एक प्रश्न विचारतात, "डॉक्टर, तेल कोणते वापरू?" मी त्यांना उलट विचारतो, "तेल कशासाठी वापरणार? तळणाला, तव्यावर, की फोडणीला?" या तिन्ही कामांत तेल सारखे तापत नाही. जे तेल फोडणीला उत्तम, ते पुऱ्या तळायला योग्य असेलच असे नाही. हा फरक समजण्यासाठी तेलाचा एक गुणधर्म माहीत असावा लागतो. त्याला धूम्रबिंदू म्हणतात.

धूम्रबिंदू म्हणजे काय?

तेल तापवत गेले की एका ठरावीक उष्णतेला त्यातून निळसर धूर सतत निघू लागतो. त्या तापमानाला त्या तेलाचा धूम्रबिंदू म्हणायचे. पाण्याची वाफ आणि हा धूर वेगळे. वाफ पांढरी असते, ती भजी सोडल्यावर निघते आणि विरून जाते. धूर मात्र रिकाम्या तेलातूनही निघतो, डोळ्यांना झोंबतो आणि घशात खवखव आणतो. याचे कारण असे, की या उष्णतेला तेलाचे घटक तुटू लागतात आणि त्यातून ॲक्रोलीन नावाचा तिखट वायू तयार होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जास्त आचेवर तळताना निघणारा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. म्हणून धूर निघाला म्हणजे तेल 'छान तापले', ही समजूत सोडून द्यावी. धूर निघाला म्हणजे तेल बिघडायला लागले.

धूम्रबिंदू मुख्यतः तेल किती शुद्ध केले आहे यावर ठरतो. लाकडी घाण्यातून काढलेल्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात बियांचे बारीक कण, चिकट द्रव्ये आणि सुटी आम्ले राहिलेली असतात. त्यांच्यामुळेच तेलाला वास आणि चव येते, पण तीच आधी जळतात. म्हणून घाण्याचे शेंगदाणा तेल, म्हणजे आपले गोडेतेल, साधारण 160 अंश सेल्सिअसच्या आसपासच धुरावू लागते. तेच शेंगदाणा तेल रिफाइंड केले की सुमारे 225 ते 230 अंशांपर्यंत टिकते. रिफाइंड सोयाबीन आणि सूर्यफूल तेलेही जवळपास तिथेच येतात. घाण्याचे तीळ तेल आणि खोबरेल 175 अंशांच्या आसपास, तर चांगले कढवलेले साजूक तूप 250 अंशांच्या जवळ. लोणी मात्र लवकर जळते, कारण त्यात दुधाचा अंश असतो. हे आकडे अदमासाचे आहेत. तेल जुने झाले, उघडे राहिले, की ते खाली येतात.

तळण

पुऱ्या, वडे, चकल्या तळताना तेल साधारण 170 ते 190 अंशांवर असावे लागते. म्हणजे घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा धूम्रबिंदू तळणाच्या उष्णतेपेक्षा खालीच राहतो. म्हणून तळणाला रिफाइंड तेल घ्यावे. घाण्याचे तेल वाईट नाही, पण हे काम त्याचे नव्हे.

रिफाइंड तेलांतही निवड करावी लागते, कारण धूर न निघणे आणि उष्णतेत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्यफूल, करडई आणि सोयाबीन या तेलांतील स्निग्धाम्ले नाजूक असतात. तासभर तापत राहिली तर धूर न निघताही ती हवेशी संयोग होऊन बिघडू लागतात. शेंगदाणा तेल त्या मानाने सोशीक असते. म्हणून मोठ्या तळणाला मी रिफाइंड शेंगदाणा तेल सुचवतो. साधे सूर्यफूल किंवा करडई तेल रोजच्या भाजीआमटीला ठेवावे.

तेल किती तापले हे पाहायला यंत्र लागत नाही. पिठाची हरभऱ्याएवढी गोळी सोडावी. ती तळाशी बसून राहिली तर तेल गार आहे आणि पदार्थ तेल पिईल. सोडताच वर उसळून काळसर होऊ लागली तर तेल जास्त तापले आहे. क्षणभर खाली जाऊन, बुडबुडे सोडत वर आली आणि सावकाश रंग धरू लागली, तर तेल नेमके आहे.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेल पदार्थ तळताना फारसे जळत नाही, कारण पदार्थातील पाण्याची वाफ होताना ती तेलाची उष्णता खाऊन टाकते. तेल जळते ते दोन घाण्यांच्या मधल्या वेळात. एक घाणा काढला, पुढच्या चकल्या पाडायला पाच मिनिटे लागली आणि गॅस मोठाच राहिला, की रिकामे तेल झपाट्याने वर चढते. म्हणून घाणा काढताच आच बारीक करावी. पुढचा घाणा सोडताना ती वाढवावी.

तवा

थालीपीठ, काचऱ्या, मासे तव्यावर परतताना तेल थोडे असते आणि पातळ पसरलेले असते. लोखंडी तवा मोठ्या आचेवर 250 अंशांच्याही वर जाऊ शकतो. पदार्थाखालचे तेल ओलाव्यामुळे वाचते, उघड्या कडेचे तेल मात्र धुरावते. उपाय सोपा आहे. आच मध्यम ठेवावी, तेल थालीपिठाच्या भोकात आणि कडेने सोडावे, आणि तव्याच्या मोकळ्या भागावर ओतू नये. मध्यम आचेवर घाण्याचे तेलही येथे चालते. धूर दिसलाच तर तवा खाली उतरवून ते तेल पुसून घ्यावे आणि नवे घालावे.

फोडणी

फोडणीला तेल दोन-तीन चमचे. एवढे तेल लहान कढल्यात पाहता पाहता तापते, म्हणून धूर निघण्याची भीती येथेच जास्त. पण फोडणीत एक तापमापक आपोआप असतो, तो म्हणजे मोहरी. मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की तेल तयार झाले, याहून तापवायची गरज नाही. मग बाकीची मोहरी टाकून आच बारीक करावी. ती तडतडून झाली की जिरे, मग गॅस बंद करून हिंग आणि शेवटी हळद. हळद तापल्या तेलात लगेच करपते आणि कडू होते. अशा फोडणीला घाण्याचे गोडेतेल चालते. त्याचा स्वाद येथेच कामी येतो, आणि तेल थोडा वेळच तापते. जवसाचे तेल मात्र फोडणीलाही घेऊ नये. त्याचा धूम्रबिंदू अगदी खाली असतो, ते चटणीवर कच्चेच घ्यावे.

एक उदाहरण

पन्नाशीच्या एक बाई दरवर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे येत. डोळ्यांची जळजळ, कोरडा खोकला, घसा बसलेला. छाती तपासली, दमा नव्हता. मी फराळाची हकीकत विचारली. दोन लिटर गाळलेले शेंगदाणा तेल मोठ्या पसरट कढईत, पहिल्या दिवशी तिखट शेव, दुसऱ्या दिवशी चकल्या, तिसऱ्या दिवशी शंकरपाळे. तेल कमी झाले की त्यातच नवे ओतायचे. "तिसऱ्या दिवशी तर काही टाकायच्या आधीच धूर होतो, डॉक्टर," असे त्या म्हणाल्या.

असे होणारच. पदार्थातील पाणी आणि उष्णता यांमुळे दर तळणाला तेलात सुटी आम्ले वाढतात, आणि तितका धूम्रबिंदू खाली येतो. शेवेच्या पिठाचे आणि तिखटाचे कण तळाशी जळून त्यात भर घालतात. वरून नवे तेल ओतल्याने जुने सुधारत नाही, नवेच लवकर बिघडते. बाईंच्या घरी तेल मुळातच कमी धूम्रबिंदूचे होते. तीन दिवसांत ते आणखी उतरले.

पुढच्या वर्षासाठी मी त्यांना चार बदल सांगितले. रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावे. पसरट कढईऐवजी लहान खोलगट कढई घ्यावी, म्हणजे एका वेळी पाऊण लिटर तेल पुरते आणि शिल्लकही कमी राहते. आधी शंकरपाळे, मग चकल्या, तिखट शेव शेवटी, म्हणजे मसाल्याचे कण अखेरीस पडतात. आणि रोज तेल पूर्ण निवल्यावर पातळ फडक्यातून गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. खिडकी उघडी ठेवायलाही सांगितले. पुढच्या दिवाळीत त्यांना खोकला अगदीच आला नाही असे नाही, पण डोळे झोंबले नाहीत आणि औषध लागले नाही.

तेल टाकून कधी द्यावे?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून खाद्य व्यावसायिकांना बंधन घातले आहे. बिघाडाने तयार होणारे ध्रुवीय घटक तेलात 25 टक्क्यांहून जास्त झाले, तर ते तेल वापरता येत नाही. घरी अशी मोजणी होत नाही, पण खुणा दिसतात. पूर्वीच्या आचेवर न येणारा धूर येऊ लागला, फेस विरेनासा झाला, तेल दाट आणि चिकट झाले, वास उग्र झाला, तर ते तेल टाकावे. एकदा तळून गाळलेले स्वच्छ तेल दोन-तीन दिवसांत बारीक आचेवरच्या भाजीत संपवावे. पुन्हा पुन्हा तळणाला घेऊ नये. टाकायचे तेल मोरीत ओतू नये, बाटलीत भरून कचऱ्यात द्यावे.

धूर निघत असताना कढई सोडून जाऊ नये, कारण त्याच्या पुढची पायरी आगीची असते. तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नये. गॅस बंद करून वर मोठे झाकण ठेवावे.

शेवटी एक लक्षात असू द्यावे. धूम्रबिंदू उंच म्हणजे तेल प्रकृतीला हलके, असे नाही. साजूक तुपाचा धूम्रबिंदू उंच आहे, तरी ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी तूप मोजूनच खावे. आणि तेल कोणतेही असो, एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतातच.