उद्दिष्ट शेतकऱ्याचं, बजेट यंत्राचं

भूजल आणि पाणलोट या विषयांवरचे संशोधन प्रस्ताव तपासणीसाठी माझ्याकडे येत असतात. ते गोपनीय असतात. म्हणून खाली ज्याचा दाखला दिलाय, तो प्रस्ताव मी दोन-तीन प्रस्ताव एकत्र करून, गावं आणि आकडे बदलून मांडला आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधली १२ गावं, मुदत ३ वर्षं, उद्दिष्टं तीन. पहिलं, विहिरींच्या पाणीपातळीची नोंद. दुसरं, पावसाळ्यात किती पाणी मुरतं त्यावरून गावाचा पाण्याचा ताळेबंद. तिसरं, तो ताळेबंद हाती आल्यावर शेतकरी रब्बीचं पीक बदलतात का, हे पाहणं. प्रस्तावाची सगळी नवलाई या तिसऱ्यात होती. पहिली दोन कामं अनेकांनी केलेली आहेत.

१. गोषवारा शेवटी वाचा, आधी चौकटी आखा

गोषवारा छान लिहिलेला असला की पुढचं सगळं त्याच्या चष्म्यातून दिसतं. म्हणून मी आधी एका कोऱ्या कागदावर आडवी उद्दिष्टं आणि उभी वर्क पॅकेजेस मांडते. प्रत्येक चौकटीत त्या पॅकेजमधली त्या उद्दिष्टाशी निगडित कामं लिहायची. जी आडवी ओळ रिकामी राहील, ते उद्दिष्ट कुणीच करणार नाही. जो उभा रकाना रिकामा राहील, ते काम कुणी मागितलेलंच नाही.

या प्रस्तावात पॅकेजेस चार होती: समन्वय, यंत्रं आणि नोंदी, मॉडेल आणि मोबाइल ॲप, लोकसहभाग आणि प्रसार. ॲप बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं होतं, ९ लाखांत. तीनही उद्दिष्टांत ॲपचा उल्लेख नव्हता. ते कोण वापरणार, शेतकरी की तलाठी, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. उलट तिसऱ्या उद्दिष्टाच्या ओळीत एकच नोंद करता आली: ‘गावपातळीवर कार्यशाळा’. कार्यशाळा घेतल्याने शेतकऱ्याने हरभरा पेरला की ऊस ठेवला, ते कळत नाही. त्यासाठी आधीची पीकपद्धत नोंदलेली हवी, नंतरची हवी, आणि ताळेबंद न मिळालेली काही गावं तुलनेला हवीत. तिन्हींपैकी एकही नव्हतं.

२. रुपयांआधी माणसांचे महिने मोजा

रुपयांचा तक्ता फसवतो, कारण एक महागडं यंत्र सगळं चित्र झाकून टाकतं. मनुष्य-महिने फसवत नाहीत. इथे दोन जेआरएफ आणि एक क्षेत्र सहाय्यक, तिघंही ३६ महिने, म्हणजे एकूण १०८ महिने. त्यातले ९ समन्वयाला, ४२ यंत्रं आणि नोंदींना, ५१ मॉडेल आणि ॲपला दिलेले. लोकसहभागाला उरले ६, आणि तेही सगळे एकट्या क्षेत्र सहाय्यकाचे.

आता तिसऱ्या उद्दिष्टासाठी खरोखर लागणारं काम बघा. १२ गावांत प्रत्येकी ४० शेतकऱ्यांच्या मुलाखती, दोन फेऱ्या, म्हणजे ९६० मुलाखती. पीक, क्षेत्र, पाण्याच्या पाळ्या, मोटारीचे तास असं सगळं नीट विचारायचं तर एक माणूस दिवसाला चारच्या वर मुलाखती करू शकत नाही. शेतकरी दुपारी घरी नसतो, संध्याकाळी धारेच्या वेळेला बोलत नाही. २४० दिवस झाले. महिन्याला २२ दिवस धरले तरी ११ महिने, आणि माहिती संगणकात भरणं वेगळंच. सहा महिन्यांत ते होत नाही. हे गणित प्रस्तावकाने केलं असतं तर त्याचं त्यालाच दिसलं असतं.

३. वस्तूचं वर्णन म्हणजे समर्थन नव्हे

सर्वांत मोठी रक्कम ३० स्वयंचलित पाणीपातळी नोंदकांची होती. प्रत्येकी ४५,००० रुपये, एकूण साडेतेरा लाख. समर्थनाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘अखंड व उच्च दर्जाची माहिती मिळवण्यासाठी’. हे वाक्य यंत्राच्या माहितीपत्रकातही असतं. समर्थनाने सांगायचं असतं की हे कोणत्या उद्दिष्टासाठी, इतकेच का, आणि कमी खर्चाच्या मार्गाने का भागत नाही.

इथे जरा थांबून विषयात शिरावं लागतं. दुसऱ्या उद्दिष्टासाठी मुरलेलं पाणी काढायचं, तर विहिरीची पातळी किती वर आली याला खडकाच्या स्पेसिफिक यील्डने गुणतात. खडक भरल्यावर त्याच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी तो विहिरीला सोडतो, तो हा आकडा. झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमध्ये तो साधारण १ ते ३ टक्के धरतात. समजा पातळी ४ मीटर वर आली. १ टक्का धरला तर ४० मिलिमीटर पाणी मुरलं, २ टक्के धरले तर ८०. एक हजार हेक्टरच्या पाणलोटात हा फरक ४ लाख घनमीटर की ८ लाख घनमीटर एवढा पडतो. म्हणजे ताळेबंद दुपटीने चुकू शकतो, आणि तो चुकतो स्पेसिफिक यील्डपायी. पातळी मिलिमीटरपर्यंत अचूक मोजली तरी त्यात काडीचा फरक पडत नाही.

हा आकडा गावातच काढायचा तर विहिरींवर पंपिंग टेस्ट घ्याव्या लागतात: ठरलेल्या दराने पाणी उपसायचं, पातळी कशी उतरते आणि मोटार बंद केल्यावर कशी चढते ते नोंदायचं. पद्धतीच्या भागात ‘स्थानिक पातळीवर पंपिंग टेस्ट’ हे शब्द होतेही. पण अंदाजपत्रकात त्यासाठी ना मोटारीचं भाडं, ना शेतकऱ्याला भरपाई, ना एक दिवस. अशी जागा सापडली की मी तिथेच खूण करते: पद्धतीत आहे, पैशात नाही. अशी कामं बहुधा होतच नाहीत.

नोंदक अगदीच नकोत असं नाही. पंपिंग टेस्टला आणि पावसाच्या पहिल्या जोराच्या सरीला विहीर किती लवकर प्रतिसाद देते ते बघायला ते हवेतच. पण हंगामी ताळेबंदासाठी आठवड्यातून एकदा टेपने मोजलेली पातळी पुरते, आणि ती गावातला बारावी झालेला मुलगा थोडं शिकवलं की नीट मोजतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदीही आहेत. त्यांचा प्रस्तावात साधा उल्लेख नव्हता.

कोटेशन जोडलं होतं, तेही मी बघितलं. ज्या प्रकारचे नोंदक मागवले होते, ते पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्रच नोंदवतात. हवेचा दाब १० मिलिबारने बदलला तर पातळी जवळजवळ १० सेंटिमीटरने हलल्यासारखी दिसते. म्हणून विहिरीबाहेर हवेचा दाब नोंदवणारं एखाददुसरं यंत्र ठेवून ती नोंद वजा करावी लागते. यादीत ते यंत्रच नव्हतं. ज्याने एकदा तरी असा नोंदक विहिरीत सोडलाय, तो ते विसरत नाही. एका ओळीच्या अभावातून कळलं, की ही यादी विक्रेत्याने करून दिलेली आहे.

४. कमी मागणं हीसुद्धा चूक

जेआरएफचा खर्च ३७,००० गुणिले ३६, म्हणजे १३,३२,००० असा लिहिला होता. २०२३ च्या आदेशानुसार दोन वर्षांनंतर एसआरएफचा दर ४२,००० होतो, आणि त्यावर घरभाडं भत्ता असतो. २० टक्के भत्ता धरून माझा हिशेब १६,७०,४०० आला. दोघांचे मिळून पावणेसात लाखांच्या वर कमी पडतात. नोंदकांवर १८ टक्के जीएसटीही धरला नव्हता. संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये निघाली, हे अजून अनेकांच्या गावी नाही. अशा प्रस्तावात तिसऱ्या वर्षी पैसा संपतो, आणि तिसऱ्या वर्षीच लोकसहभागाचं काम असतं.

५. गँट चार्टवर पाऊस टाका

महिना १ ते ३६ असा तक्ता दिला की ऋतू दिसत नाहीत. मी खाली पेन्सिलीने महिन्यांची नावं लिहिते. एप्रिलमध्ये सुरुवात, नोंदक तिसऱ्या महिन्यात, म्हणजे जूनमध्ये विहिरीत. पहिला हप्ता, भरतीची जाहिरात, निवडीच्या मुलाखती आणि खरेदीची प्रक्रिया यांत सहज सप्टेंबर उजाडतो आणि पहिला पावसाळा हातचा जातो. मॉडेल पूर्ण होणार ३० व्या महिन्यात, म्हणजे तिसऱ्या सप्टेंबरला. लोकसहभाग त्यानंतर. याचा अर्थ ज्यासाठी प्रकल्प आहे तो रब्बी हंगाम एकच, तोही शेवटचा. पीक निघणार फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि अंतिम अहवालही मार्चमध्येच.

वास्तविक ताळेबंदाला परिपूर्ण मॉडेलची गरज नाही. हिवरे बाजारमध्ये पावसाच्या आकड्यांवरून ग्रामसभेत रब्बीची पिकं ठरवतात. तसाच ढोबळ ताळेबंद पहिल्याच ऑक्टोबरला अर्ध्या गावांत मांडला, तर तपासायला तीन हंगाम मिळतात आणि उरलेली गावं तुलनेला राहतात.

६. सरसकट कात्री नको, जागा दाखवा

समितीत कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, बजेट फुगवलेलंच असतं. दहा टक्के कापा आणि मंजूर करा.” दहा टक्के कापले की प्रस्तावक यंत्रं तशीच ठेवतो आणि प्रवास व क्षेत्रकाम छाटतो, कारण ते छाटायला सोपं. म्हणून मी शेऱ्यात ओळीनुसार लिहिते. या प्रस्तावावर लिहिलं ते असं: नोंदक ३० ऐवजी १०, जीएसटीसह ५,३१,०००. ॲप पूर्ण वगळावं. फेलोशिपचे दर दुरुस्त करावेत. यंत्रं आणि ॲपचे मिळून साडेबावीस लाख होते. त्यातून हे सगळं भागवून सुमारे १० लाख उरतात. त्यांत हवेच्या दाबाची यंत्रं, पंपिंग टेस्ट, पातळी मोजणाऱ्या मुलांचं मानधन आणि मुलाखतींसाठी दोन माणसं बसवावीत. एकूण रक्कम तेवढीच ठेवावी.

सोबत एक प्रश्नही विचारला: १२ गावं झेपणार नसतील तर ६ गावं चालतील का? सुधारित प्रस्ताव आला तेव्हा गावं ८ होती, ॲप गेलं होतं आणि मुलाखतींना दोन माणसं मिळाली होती. नोंदक मात्र १४ मागितले होते. चार जास्त का, याचं कारण या वेळी लिहिलेलं होतं: दोन पाणलोटांच्या वरच्या आणि खालच्या भागांत पंपिंग टेस्टच्या विहिरी वेगळ्या आहेत, आणि तिथे मोटारी रात्री चालतात.