भाकरी थांबते तेव्हा

कोल्हापूर,
२० जून

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कट काल रात्री दोनदा पाहिला. सकाळी आवाज बंद करून पुन्हा एकदा पाहिला. बाकीच्या गोष्टी फोनवर बोलू. हे पत्र स्वयंपाकघरातल्या प्रसंगासाठी आहे, कारण तुझी सगळी फिल्म त्या प्रसंगावर उभी आहे आणि तोच तुझ्या हातून निसटला आहे.

आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे. मुलगा उंबऱ्यात येतो आणि सांगतो, घराचा इसार घेतला. आईचे हात थांबतात, मग पुन्हा चालू होतात. लिहिलेलं उत्तम आहे आणि काम करणाऱ्या बाईंनी ते फार छान केलं आहे. पण तुझा कॅमेरा गिंबलवर दोन मिनिटं दहा सेकंद त्या दोघांभोवती फिरतो आहे. हात थांबले ते मला दिसलंच नाही. आवाज चालू होता तेव्हा थापण्याचा ठेका तुटल्याचं कानाला कळलं आणि मी मागे जाऊन पाहिलं, म्हणून सापडलं. सगळी चौकटच हलत असताना त्यातलं एक थांबणं प्रेक्षकाच्या डोळ्यांना वेगळं काढता येत नाही. भिंत सरकते, चूल सरकते, मुलाचा खांदा आडवा येऊन जातो. त्या गर्दीत दोन तळहातांची काय कथा?

आता हाच प्रसंग असा लावून बघ. कॅमेरा माजघरात, दाराच्या अलीकडे. दाराच्या चौकटीतून आई पाठमोरी, थोडी तिरकी, हात दिसतील अशी. डावीकडे अंगणाचा उंबरा, तिथे मुलगा येणार. ३५ एमएमची लेन्स, कॅमेरा बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि पॅन-टिल्ट दोन्ही लॉक. पहिली वीस-पंचवीस सेकंदं नुसत्या भाकऱ्या. एवढ्या वेळात प्रेक्षकाला त्या चौकटीतली प्रत्येक गोष्ट पाठ होते: कुठे धूर आहे, कुठे ऊन आहे, हात कोणत्या लयीत पडतात. मग मुलगा बोलतो आणि चौकटीत हलणारी एकुलती एक गोष्ट थांबते. ते पडद्याच्या कोपऱ्यात असलं तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल. स्थिर फ्रेमचं बळ यात आहे. ती आधी एक नेहमीपण उभं करते, म्हणून त्यातला लहानसा बदलही मोठी घटना होतो.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) तू पाहिला आहेस, पण या नजरेने पुन्हा पाहा. मृणाल देसाईंचा कॅमेरा त्यात बहुतेक वेळ लांब उभा राहून थांबतो. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि ती खोली अंधारात बुडते. कॅमेरा जागचा हलत नाही. तिथे कुणी हळूहळू पुढे सरकला असता तर ते दृश्य ‘बघा, किती दुःखद’ असं सांगायला लागलं असतं. तो सरकत नाही, म्हणून आपण त्या खोलीत एकटे उरतो.

पण नुसता स्टँड लावून दिला म्हणजे फ्रेम स्थिर झाली, असं समजू नकोस. लॉक केलेल्या चौकटीत कामं तीन खोलींवर विभागावी लागतात. पुढे दाराची चौकट, मध्ये आई, मागे परसातला उजेड. एकाच खोलीवर सगळं असलं तर दहाव्या सेकंदाला डोळा कंटाळतो. आणि खरोखरच लॉक कर. पॅनचा दांडा काढून ठेव, स्टँडच्या मध्यावर वाळूची पिशवी टांग, जमीन सारवलेली असेल तर पायांखाली फळी घाल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद कर. स्टँडवर काही लेन्समध्ये त्याच्यामुळेच चित्र हळूच तरंगतं. एका फिल्मवर मी ऑपरेटर असताना नटी बोलता बोलता थोडी ताठ बसली आणि डोक्यावरची जागा कमी झाली म्हणून मी बोटभर टिल्ट केला. सवयीने केला. तो टेक सर्वांत चांगला होता आणि संकलनात फेकून द्यावा लागला. साडेतीन मिनिटं निश्चल असलेली चौकट त्या बोटभर हालचालीने ‘मागे माणूस उभा आहे’ असं बोलून गेली. डोकं कापलं गेलं असतं तरी चाललं असतं.

मग मुलगा निघून जातो. तू तिथे त्याच्यामागे पॅन केला आहेस. पॅन तसा निर्दोष आहे: तो हलल्यावर एक क्षणाने कॅमेरा हलला, त्याच्या चालीने चालला आणि तो थांबल्यावर थांबला. पायाने किंवा नजरेने दिलेल्या कारणावर केलेली हालचाल प्रेक्षकाला जाणवतही नाही. माणसाच्या आधी कॅमेरा निघाला तर मात्र ‘याला आधीच माहीत होतं’ हे लगेच उघडं पडतं. चालणाऱ्या माणसाला धरून पॅन केला की मागची भिंत पुसट झाली तरी चालतं, कारण डोळा माणसावर असतो. पण रिकाम्या अंगणावरून तसाच पॅन केलास तर खांब तुटक तुटक उड्या मारत जाताना दिसतील. सेकंदाला २४ चौकटी असताना एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला साधारण सात सेकंद लागावेत, असा आमच्यात जुना अंदाज आहे. तुझा विहिरीवरचा पॅन तीन सेकंदांत संपतो, म्हणून तो डोळ्यांना खुपतो.

तेव्हा स्वयंपाकघरातल्या पॅनची चूक तंत्राची नाही. मुलाबरोबर अंगणात गेलीस की गोष्ट त्याची झाली. त्याला चौकटीबाहेर जाऊ दिलंस, त्याच्या गाडीचा आवाज लांब गेला आणि आपण आईपाशीच उरलो, तर गोष्ट तिची राहते. तुझी फिल्म आईची आहे. पॅन काढून टाक.

हालचालीच्या विरोधात मी मुळीच नाही. सत्यजित रायांच्या ‘चारुलता’ची (१९६४) सुरुवात आठव. दुपारची वेळ, मोठं घर, हातात दुर्बीण घेऊन चारू एका खिडकीकडून दुसरीकडे धावते आणि सुब्रत मित्रांचा कॅमेरा तिच्याबरोबर जातो. तिच्या कुतूहलाने त्याला ओढलेलं असतं. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो. ती त्यालाही दुर्बिणीतून पाहते, हात खाली घेते आणि चित्र झटकन मागे सरतं. एवढा वेळ तिच्यासोबत असलेले आपण एकदम लांब फेकले जातो. ती हालचाल कुणाच्या पायांनी घडवलेली नाही, पण तिचं कारण शंभर टक्के त्या बाईच्या मनात आहे.

तुझ्या फिल्ममध्ये अशी एकच जागा आहे. रात्री आई ओटीवर बसून घराची किल्ली बोटांत फिरवते आणि शेवटी ती पदराला बांधते, म्हणजे सही करायची नाही असं ठरवते. तिथे तू झूम केला आहेस. तिथे ट्रॉली हवी. कारण सांगतो. आई कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर आणि भिंत तिच्यामागे दोन मीटरवर आहे असं धर. झूमने चेहरा दुप्पट केलास की भिंतही दुप्पट होते. म्हणजे छापील चित्र भिंगाखाली धरल्यासारखं झालं. ट्रॉली दीड मीटरवर नेलीस तरी चेहरा दुप्पटच होतो, पण भिंत पाचवरून साडेतीन मीटरवर येते, म्हणून ती दीडपटही वाढत नाही. बाई घरापासून सुटी होऊन आपल्याकडे येते. तुझ्या गोष्टीत त्या भिंतीला अर्थ आहे, म्हणून हा फरक दिसेल.

दीड मीटरच्या प्रवासाला आठ फुटी ट्रॅकचा एक तुकडा पुरतो. ओटीची जमीन उंचसखल आहे, तेव्हा ट्रॅकखाली पाचरी घालून दोन्ही रूळ लेव्हलने तपास. रुळाच्या सांध्यावरचा एक धक्का सगळ्या शॉटचा जीव घेतो. ५० एमएमची लेन्स लाव आणि वेळ वीस सेकंदं धर. ट्रॉली एकाच वेगाने ढकलू देऊ नकोस. पहिल्या ७५ सेंटिमीटरमध्ये चेहरा एक तृतीयांशाने वाढतो आणि पुढच्या तेवढ्याच अंतरात निम्म्याने. त्यामुळे सारखा वेग ठेवला तरी शेवटी घाई झाल्यासारखं वाटतं. ढकलणाऱ्याला सांग, जवळ येशील तसा हात सैल सोड. फोकसवाल्यासाठी रुळाच्या बाजूला फुटाफुटावर टेप लाव. २.८ वर दीड मीटरला फोकसची खोली जेमतेम अर्धा फूट मिळते आणि बाई जराशी पुढे वाकली की डोळे जातात.

कधी निघायचं हे सर्वांत अवघड. किल्ली पदराला बांधताना निघालीस तर उशीर झाला, तेव्हा निर्णय झालेला असतो. किल्ली बोटांत फिरता फिरता थांबते, तिथे विचार सुरू होतो. तिथे निघ. पोहोचून थांब, मग तिने गाठ मारावी. सुरू होण्याआधी पाच सेकंदं आणि थांबल्यावर पाच सेकंदं कॅमेरा निश्चल चालू ठेव, म्हणजे कापायला जागा राहील. सरकत्या शॉटच्या मध्येच कापून स्थिर शॉटवर गेलीस की ठेच लागते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. पुढे सरकणारा कॅमेरा प्रेक्षकाला वचन देतो की या चेहऱ्यामागे काहीतरी घडतं आहे. तसं घडत नसेल तर जवळ गेल्यावर रिकामेपणच मोठं दिसतं. तुझ्या कटमध्ये असे चार झूम आहेत: बसस्टॉपवर, विहिरीवर, तलाठ्याकडे आणि ओटीवर. पहिले तीन तिथे काही घडत नाही म्हणून घातलेले आहेत. चौथ्या वेळी खरं काही घडतं, तोवर प्रेक्षकाला त्या हालचालीची सवय झालेली असते. तिन्ही काढ.

पावसाने उघडीप दिली की पुढच्या शनिवारी त्या बाईंना आणि मुलाला पुन्हा बोलाव. मी आठ फुटांचा ट्रॅक, ट्रॉली आणि पाचरींची पिशवी घेऊन शुक्रवारी रात्री पोहोचतो. गिंबल घरीच ठेव. स्वयंपाकघराचा शॉट सकाळी नऊच्या आत घ्यायला हवा, त्यानंतर परसातला उजेड दारातून हातांवर येत नाही.

तुझा
मामा