बोलीतले वाक्य अर्जात

प्रश्न : ‘आमच्याकडं दोन दिवस पाणीच आलं नाही, जरा बघा ना’ हे अर्जात कसे लिहावे?

उत्तर : आधी उच्चारानुसारी रूपे बदलतात : ‘आमच्याकडं’चे ‘आमच्याकडे’, ‘आलं’चे ‘आले’. ‘च’मधला जोर आणि ‘जरा’, ‘ना’ यांतले आर्जव आवाजावर अवलंबून असते, म्हणून हे तिन्ही गळतात. आर्जवाची जागा ‘कृपया’ आणि ‘करावी’सारखे विध्यर्थी रूप घेतात. ‘बघा’ मोघम आहे, नेमकी मागणी हवी : ‘आमच्या इमारतीत दोन दिवसांपासून पाणी आलेले नाही. कृपया जलवाहिनीची तपासणी करावी.’ ‘पाणी’ शब्द औपचारिक लेखनातही चालतो. ‘सदर इमारतीतील जलपुरवठा खंडित झाल्याचे निदर्शनास आले आहे’ हे मात्र कार्यालयीन टिपणी वाटते. त्यात तक्रार करणारा रहिवासीच दिसत नाही.