बॅटरीचं वॉरंटी कार्ड मराठीत उतरवताना

सुलू, तू पाठवलेला फोटो पाहिला. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं कार्ड आहे एवढं कळतं, पण उजवीकडच्या तक्त्यावर ट्यूबलाइटची चमक पडली आहे आणि जिथे घडी आहे नेमकी तिथेच खरेदीची तारीख आहे. यावरून भाषांतर करायला बसू नकोस. कार्ड सकाळच्या उजेडात खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेव, फ्लॅश बंद कर, मोबाइल वरून सरळ धर आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो काढ. मग तक्ता, अटी, दुकानाचा शिक्का आणि अनुक्रमांक यांचे जवळून वेगळे काढ. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकलास तर तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं फुटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठव. खुद्द बॅटरीवर कोरलेल्या अनुक्रमांकाचाही एक फोटो घे. कार्डावरचा आकडा त्याच्याशी जुळवून पाहायचा आहे. पुसट छपाईत ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत फार होते आणि कंपनीला हात वर करायला तेवढं पुरतं.

भाषांतर कशाला, ग्राहक आयोगात इंग्रजी चालतंच की, असं तुझे दीर म्हणाले ना? चालतं. पण बिल मामंजींच्या नावावर आहे, म्हणजे तक्रारदार तेच. तक्रार मराठीत जाणार आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही त्यांची असणार. ज्या कार्डाच्या जोरावर ते भांडणार त्यात काय लिहिलंय हे त्यांना स्वतःला वाचता आलंच पाहिजे. उद्या आयोगासमोर कुणी विचारलं की आजोबा, कार्डात नेमकं काय म्हटलंय, तर त्यांनी सुनेकडे बघावं हे मला पटत नाही.

आधी मराठी लिहूच नकोस. कार्डावरचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा, कलमांच्या क्रमांकासह, डाव्या रकान्यात उतरव. उजव्या रकान्यात त्याच्या समोर मराठी येईल. वाचता न येणाऱ्या जागी चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ लिही, कोऱ्या रकान्यात ‘रिकामी जागा’, शिक्क्याच्या जागी ‘दुकानाचा शिक्का’ आणि त्यातला मजकूर. अंदाजाने काही भरायचं नाही, अगदी अंदाज शंभर टक्के खरा वाटला तरी. तारीख बिलावरून कळते हे खरं, पण ती बिलाची तारीख म्हणून तक्रारीत लिहायची. कार्डावर ती पुसलेली असेल तर भाषांतरातही पुसलेलीच राहू दे. अनुक्रमांक, ईमेल आणि फोन नंबर मात्र मुळात आहेत तसेच ठेव, त्यांचं मराठीकरण नको.

आता मुदतीकडे ये, तुमचं भांडण तिथेच आहे. कार्डावर मोठ्या अक्षरात ६० महिने छापलंय आणि दुकानदाराने पाच वर्षांची वॉरंटी म्हणून बॅटरी विकली. खाली बारीक अक्षरात तेच ३६ अधिक २४ असं फोडलंय. पहिले ३६ महिने बॅटरी बिघडली तर मोफत बदलून मिळते. पुढचे २४ महिने फक्त सवलत मिळते, जिला दुकानात सगळे प्रो-राटा म्हणतात. म्हणून ‘वॉरंटी पाच वर्षे’ असं एका ओळीत उरकू नकोस. दोन्ही टप्पे वेगळे लिही आणि प्रत्येकात काय मिळणार ते लिही.

त्या सवलतीचं वाक्य तर फार जपून उतरव. कार्ड म्हणतं की टक्केवारी बदलीच्या वेळच्या छापील एमआरपीवर धरली जाईल. तू नुसतं ‘किमतीवर सवलत’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल की मामंजींनी भरलेल्या पैशांवर. उदाहरण म्हणून धर, नव्या बॅटरीची एमआरपी १८,००० रुपये आहे आणि ३० टक्के सवलत मिळाली. म्हणजे तुम्ही १२,६०० भरणार. तीच बॅटरी दुकानात कोणालाही १४,५०० ला मिळत असेल तर तुमचा खरा फायदा १,९०० रुपयांचा. सर्व्हिस सेंटरवाला ‘तीस टक्के देतोय की’ म्हणाला आणि मामंजींना ते अपुरं का वाटलं, ते या हिशेबात आहे. भाषांतर नीट असेल तर आयोगालाही तो हिशेब दिसेल.

मग तारखा. खरेदी १४ मार्च २०२२ ची, म्हणजे मोफत बदलीची मुदत १३ मार्च २०२५ ला संपली. तुम्ही कंपनीच्या नंबरवर ३ मार्चला तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. माणूस आला १९ मार्चला, आणि बॅटरी मुदतीनंतर तपासली म्हणून फक्त सवलत मिळेल असं सांगून गेला. आता कार्डाचं चौथं कलम बघ. त्यात दावा मुदतीच्या आत अधिकृत सेवा केंद्राला ‘इंटिमेट’ करावा असं आहे. म्हणजे कळवावा. बॅटरी नेऊन द्यावी असं नाही, तपासणी पूर्ण व्हावी असंही नाही. तुझ्या कच्च्या मसुद्यात तू ‘दावा सादर करावा’ लिहिलंयस. ऐकायला छान आहे, पण त्यातून समोरचा वकील म्हणेल की सादर करणं म्हणजे बॅटरी आणि कागद घेऊन हजर होणं. तू ‘कळवावा’ असंच लिही. तुमची सगळी बाजू या एका क्रियापदावर आणि ३ मार्चच्या मेसेजवर उभी आहे. तो मेसेज पुसू नका, त्याचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून कागदावर छापून घ्या.

वगळलेल्या गोष्टी सगळ्या उतरव, तुमच्या विरोधात जाणाऱ्यासुद्धा. मूळ कार्ड कंपनी आणणारच आहे, आणि गाळलेलं कलम तिथे सापडलं तर मामंजींच्या शपथेवरचाच विश्वास उडेल. पण हे उतरवताना एक फरक बारकाईने बघ. काही कलमं म्हणतात, अमुक कारणामुळे नुकसान झालं तर ते वॉरंटीत येणार नाही. काही म्हणतात, बॅटरी अमुक स्थितीत आढळली तर वॉरंटीच रद्द. तुमच्या कार्डात डिस्टिल्ड वॉटरखेरीज दुसरं पाणी घातल्याचं कलम पहिल्या जातीचं आहे, म्हणजे त्या पाण्यामुळे नुकसान झालंय असं असलं तरच ते लागू होतं. अनुक्रमांक खोडल्याचं कलम दुसऱ्या जातीचं आहे. दोन्हीला ‘वॉरंटी लागू नाही’ असा एकच साचा लावलास तर कंपनीने जेवढं मागितलं नाही तेवढं तूच तिला देऊन टाकशील. ‘आणि’ व ‘किंवा’ यांच्याकडेही असंच लक्ष दे.

तपासणीचा कागदही कार्डाला जोडून मराठीत आण. त्या माणसाने शेऱ्यात ‘डीप डिस्चार्ज’ लिहिलंय. म्हणजे बॅटरी वारंवार पार रिकामी होईपर्यंत वापरली, आणि कार्डात हे वगळलेलं आहे. पण त्याच कागदावर त्याने सहाही सेलची हायड्रोमीटरने घेतलेली ग्रॅव्हिटी मांडली आहे, ती बघ. पाच सेल १.२४० च्या आसपास आहेत आणि तिसरा एकटा १.१०० वर. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १.२४० असते. सहाही सेल एकाच वायरीत एकापाठोपाठ असतात, त्यामुळे अति वापराने किंवा कमी चार्जिंगने बॅटरी खाली गेली तर सगळेच सेल खाली येतात. पाच चांगले आणि एकच मेलेला असेल तर बोट आतल्या दोषाकडे जातं. हे भाषांतरात लिहू नकोस, भाषांतरात फक्त आकडे आणि शेरा. पण तक्रारीच्या परिच्छेदात हे सहा आकडे लिहून, शेरा आकड्यांशी जुळत नाही असं मांड आणि गरज पडल्यास बॅटरीची तपासणी करावी अशी विनंती कर. तोवर बॅटरी भंगारात देऊ नका आणि कोणा ओळखीच्या माणसाकडून उघडूनही घेऊ नका.

कार्डाच्या मागे तीन पत्ते आहेत आणि तिघांची कामं निराळी आहेत. ‘उत्पादक’ कोण, ‘विपणन’ कोण करतं आणि ‘नोंदणीकृत कार्यालय’ कुठे, हे तिन्ही वेगळे लिही. नोटीस नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने जाईल, तक्रारीत कंपनी, दुकानदार आणि सेवा केंद्र असे तिघे विरुद्ध पक्ष होतील. टोल फ्री नंबर आज लागत नसेल तर भाषांतरात तो बदलू नकोस, चालू नंबर तक्रारीत वेगळा दे. आणि नवा नंबर गूगलवर कस्टमर केअर म्हणून शोधून लावू नको गं. तिथे फसवे नंबर असतात, ओटीपी काढून घेऊन खातं रिकामं करतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा बिलावरून घे.

शेवटच्या ओळीत न्यायक्षेत्र फक्त दिल्लीचं असं छापलंय, त्याने घाबरू नकोस. तेही उतरव. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतच नोंद करा. पुष्कळदा कंपनी तिथेच नमतं घेते.

भाषांतराच्या खाली लिही: मूळ इंग्रजी कार्डावरून हे भाषांतर मी केले असून ते माझ्या माहितीप्रमाणे खरे व पूर्ण आहे. तुझं नाव, सही, तारीख. त्यामागे कार्डाच्या फोटोची स्वच्छ प्रत. मूळ कार्ड आयोगाच्या फाइलीत देऊ नका, सुनावणीला सोबत न्या. मामंजींना सही करायच्या आधी सगळं एकदा मोठ्याने वाचून दाखव आणि त्यांना काही खटकलं तर तिथेच थांब. चौथं कलम दुरुस्त केलंस की मला पाठव, आज रात्री मी जागीच आहे.