३.४ सामूहिक कार्यातील स्वतःचा वाटा कसा लिहावा?

नोकरीच्या अर्जात गटाने केलेल्या कामाचा उल्लेख करताना 'मी' लिहावे की 'आम्ही', हा प्रश्न पडतो. मराठीत तो अधिक अवघड होतो. 'मी नोंदी तपासल्या' आणि 'आम्ही नोंदी तपासल्या' या दोन्ही वाक्यांत कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद 'नोंदी' या कर्माप्रमाणे चालते. त्यामुळे कर्ता गाळून 'नोंदी तपासल्या' एवढेच लिहिले, तर काम एकाचे की अनेकांचे, हे क्रियापदावरून कळत नाही.

एक उदाहरण पाहू. समजा, पाच जणांनी सहा आठवड्यांत गावच्या वाचनालयातील २,४०० पुस्तकांची नव्याने नोंद केली. त्यांतील एक जण आता ग्रंथालय साहाय्यक पदासाठी अर्ज करीत आहे. नोंदवहीचा आराखडा त्याने तयार केला आणि कथा-कादंबरी विभागातील ७०० पुस्तके नोंदवली.

(अ) 'मी वाचनालयातील २,४०० पुस्तकांची नोंद केली.' येथे चौघांचे श्रम पुसले गेले. मुलाखतीत संदर्भग्रंथांच्या नोंदींविषयी विचारले, तर उमेदवार निरुत्तर होईल.

(आ) 'वाचनालयाच्या नोंदणीकामात मदत केली.' हे विधान खोटे नाही. परंतु आराखडा त्याचा होता, हे यातून कळत नाही. 'मदत केली', 'सहभाग घेतला' ही क्रियापदे विनयाची वाटली, तरी नेमके काम झाकतात.

(इ) 'आमच्या पाच जणांच्या गटाने सहा आठवड्यांत २,४०० पुस्तकांची नव्याने नोंद केली. नोंदवहीचा आराखडा मी तयार केला आणि कथा-कादंबरी विभागातील ७०० पुस्तके मी नोंदवली. अन्य विभाग सहकाऱ्यांनी पूर्ण केले.'

तिसऱ्या नमुन्याचा क्रम लक्षात घ्या. प्रथम गटाचे फलित येते, त्याचा कर्ता 'गट' आहे. त्यानंतर स्वतःची कृती येते. तेथे 'मी' गाळलेला नाही आणि क्रियापद नेमके आहे. शेवटी उरलेले काम कोणी केले, ते एका वाक्यात सांगितले आहे.

स्वतंत्र मोजदाद ठेवलेली नसेल, तर २,४०० ला पाचाने भागून '४८० पुस्तके मी नोंदवली' असे लिहू नये. तो अंदाज असतो, नोंद नव्हे. अशा वेळी आकडा गटाचाच ठेवावा आणि आपल्या कामाचे केवळ स्वरूप सांगावे.

लेखन पूर्ण झाल्यावर ते गटातील एखाद्या सहकाऱ्याने वाचले आहे, अशी कल्पना करा. 'हे तर मी केले होते' असे तो म्हणेल, तेथे दावा जास्त झाला आहे. 'ते तुम्हीच केले होते, मग लिहिले का नाही?' असे विचारील, तेथे तो कमी पडला आहे.

स्वाध्याय : आपण सहभागी असलेल्या एका सामूहिक कामाचे वर्णन (इ) नमुन्याप्रमाणे तीन वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यातील कर्ता अधोरेखित करा.